अध्ययन रजेचा अर्ज वापस आला, मग काय बदललं

एमएडला नंबर लागला अन् मी घाईघाईत मुख्याध्यापकांच्या नावानं चार ओळींचा अर्ज देला, 'उच्च शिक्षणासाठी 2 वर्षं रजा मिळावी', बस. आठ दिवसांत वापस. शाळेतले बाबू म्हणे, "सर, कोणती रजा ते लिवलंच नाही, अन् अध्ययन रजा एका वेळी साधारण 12 महिनेच मिळते, पूर्ण नोकरीत 24."

मंग दुसरा अर्ज केला. विषयातच 'अध्ययन रजा मिळणेबाबत' लिवलं, खाली नोकरीत रुजू झाल्याची तारीख अन् सेवा 9 वर्षं (5 तं लागतेच), कोर्स, कॉलेज, अन् रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते स्पष्ट. पहिले 12 महिनेच मागितले, दुसऱ्या वर्षाची मुदतवाढ वेगळी मागीन असं एका ओळीत टाकलं. प्रवेशपत्राची झेरॉक्स जोडली, परत येऊन नोकरी करीन असा बंधपत्र द्यायला तयार आहो हेही लिवलं. अन् नववी-दहावीचं गणित कोण घेईल ते सहकाऱ्याले इचारूनच नमूद केलं, कारण हेडसरांची खरी काळजी तेच होती.

मंजुरी वरून येते, हेडसर फक्त शिफारस करून प्रस्ताव पाठवतात, म्हणून आवक नंबर टाकलेली पोच घेतली.