शेअर्ड मेलबॉक्सची सकाळची छाननी: या चुका टाळा

न्हावा शेवाच्या एक्स्पोर्ट डेस्कवर सकाळी सातच्या शिफ्टला बसलात की शेअर्ड मेलबॉक्समध्ये रात्रभरच्या साठ-सत्तर मेल्स साचलेल्या असतात, आणि त्यातल्या चार-पाच अशा असतात की दुपारपर्यंत हात लागला नाही तर कंटेनर जहाजावर चढत नाही. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा कामाचा मालकच ठरलेला नसतो म्हणून.

पहिली चूक म्हणजे "वाचली" म्हणजे "घेतली" असं धरून चालणं. शेअर्ड मेलबॉक्समध्ये वाचल्याची खूण सगळ्यांना एकच असते, म्हणजे तुम्ही नुसती मेल उघडून पुढे गेलात तरी बाकीच्यांना ती वाचलेली दिसते आणि प्रत्येकाला वाटतं कोणीतरी बघतंय. क्लासिक आउटलुकच्या Reading Pane सेटिंगमध्ये "Mark item as read when selection changes" ही टिक प्रत्येकाने आपापल्या मशीनवर काढायची. तरीही फक्त या खुणेवर भरवसा नको, मेलला माणसाच्या नावाची कॅटेगरी लावा. नाव नाही म्हणजे मेल बेवारस, मग ती वाचलेली असो वा नसो.

दुसरी चूक, वरून सुरू करून दिसेल तिला उत्तर देत सुटणं. सगळ्यात वरची मेल सगळ्यात नवी असते, तातडीची असेलच असं नाही, आणि एका रेटच्या चौकशीला नीट उत्तर लिहीपर्यंत खालच्या व्हीजीएमची वेळ निघून जाते. म्हणून पहिली वीस-पंचवीस मिनिटं एकाच माणसाने छाननी करायची, जुन्याकडून नव्याकडे, आणि या फेरीत उत्तर अजिबात लिहायचं नाही. प्रत्येक मेलला फक्त तीन गोष्टी विचारायच्या: कोणतं बुकिंग, कटऑफ किती वाजता, कोण करणार. जंक फोल्डरही याच फेरीत बघून घ्या, नव्या कस्टमरची मेल तिथेच अडकलेली सापडते.

तिसरी चूक मला सगळ्यात महागाची वाटते, एक मेल म्हणजे एक काम समजणं. उदाहरण घ्या. रात्री पावणेबाराला कस्टमरची मेल येते, सब्जेक्ट मागच्या आठवड्यातला "RE: Booking confirmation", म्हणजे वरून बघता काहीच कळत नाही. आत तीन ओळी: व्हीजीएम जोडलंय, गाडी फॅक्टरीतून निघालीय, ड्रायव्हरला फॉर्म १३ पाठवा, आणि हो, बीएल ड्राफ्टमध्ये नोटिफाय पार्टीचा पत्ता बदला. कोणीतरी "नोटेड" लिहून फॉर्म १३ काढतं, मेल संपली असं वाटतं, आणि पत्त्याची दुरुस्ती राहून जाते. फायनल बीएल निघाल्यावर तीच दुरुस्ती करायची तर शिपिंग लाइन चार्ज लावते.

कामांच्या ट्रॅकरमध्ये या मेलच्या तीन वेगळ्या ओळी व्हायला हव्यात, तिन्हींवर बुकिंग नंबर तोच. व्हीजीएम लाइनच्या पोर्टलवर भरणे, अकरापर्यंत. फॉर्म १३ काढून ट्रान्सपोर्टरला देणे, गाडी गेटला पोचायच्या आत. ड्राफ्ट दुरुस्त करून कस्टमरचं अप्रूव्हल घेणे, उद्या संध्याकाळपर्यंत. पहिली दोन एकाच माणसाला द्या, कारण वजनाचा आकडा दोन्हीकडे एकच जायला हवा, तिसरं डॉक्युमेंटेशनवाल्याला. आणि व्हीजीएम भरताना आकडा नीट बघा हं, त्यात माल, पॅकिंग आणि रिकाम्या कंटेनरचं वजन असं सगळं धरलेलं असतं, कस्टमरने नुसतं मालाचं वजन पाठवलं असेल तर ते काम "कस्टमरकडे अडकलं" म्हणून मांडा आणि परत कधी फोन करायचा ती वेळ तिथेच लिहा.

मालकाच्या कॉलममध्ये "टीम", "डॉक्स" किंवा दोन नावं असं काही चालवू नका. एकच नाव, आणि तो माणूस आज शिफ्टवर आहे का हे रोस्टरवर बघून. रात्रपाळीचा माणूस घरी गेला तरी कामं त्याच्याच नावावर पडून राहतात, म्हणून निघताना त्याने आपली उघडी कामं सकाळच्या माणसाच्या नावावर करायची, आणि घेणाऱ्याने "घेतलं" म्हटल्यावरच ती गेली असं धरायचं.

एकाच कस्टमरला दोघांची दोन उत्तरं जात असतील तर सेंट आयटम्स तपासा. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये शेअर्ड पत्त्यावरून पाठवलेलं उत्तर मुळात पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंट आयटम्समध्ये जातं, त्यामुळे दुसऱ्याला कळतच नाही की उत्तर गेलंय. आयटीवाल्यांकडून एवढं करून घ्या, पत्ता आपला टाकून:

```
Set-Mailbox export@example.com -MessageCopyForSentAsEnabled $true -MessageCopyForSendOnBehalfEnabled $true
```

यापुढच्या उत्तरांची कॉपी शेअर्ड मेलबॉक्समध्येही पडते, जुनी मात्र येत नाहीत.

नऊच्या सुमारास एक फिल्टर मारा, कॅटेगरी नसलेल्या आणि सातच्या आधी आलेल्या मेल्स. यादी रिकामी आली पाहिजे. रिकामी नसेल तर बहुतेक वेळा त्या जुन्या चेनमध्ये आलेल्या नव्या विनंत्या असतात, कन्व्हर्सेशन व्ह्यूमध्ये चेनच्या आत दबलेल्या, म्हणून छाननीपुरता तो व्ह्यू बंदच ठेवा.