बौद्धिक दिव्यांग मुलीचा पोलीस जबाब आणि कोर्टातली साक्ष: घरच्यांनी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

बऱ्याच जणांना वाटतं की बौद्धिक दिव्यांग व्यक्तीची साक्ष कोर्ट धरतच नाही. तसं नाहीये. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 124 बघा, प्रश्न कळतोय आणि त्याचं समजेल असं उत्तर देता येतंय एवढं असेल तर ती व्यक्ती साक्षीदार होऊ शकते, आयक्यू किती हा मुद्दा तिथे येत नाही. सुप्रीम कोर्टानेही 2021 मधे पाटण जमाल वली केसमधे स्पष्ट म्हटलंय की साक्षीदार दिव्यांग आहे एवढ्यावरून तिची साक्ष कमी दर्जाची धरायची नाही. केस पडते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने, मुलीचं बोलणं मधल्या माणसांच्या हातून जाता जाता बदलतं आणि कोर्टात पोचेपर्यंत ते तिचं उरतच नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, म्हणजे सगळं नीट जागेवर बसेल. सुमन, वय 23, मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व, रोज व्हॅनने कार्यशाळेत जाते, तिथे पणत्या रंगवते. एक दिवस घरी येऊन चप्पल न काढताच म्हणते, "व्हॅनकाका वाईट. इथे हात घातला." आणि छातीकडे बोट दाखवते.

पहिल्या तासाभरात

आईने फक्त दोनच प्रश्न विचारायचे, "काय झालं?" आणि "मग?" बास. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दात वहीत लिहायचं, "छाती" म्हणाली नसेल आणि "इथे" म्हणाली असेल तर "इथे" लिहून पुढे बोट कुठे दाखवलं ते लिहायचं, वेळ लिहायची, समोर कोण होतं ते लिहायचं. मग मावशी आली तिला सांग, बाबा आले त्यांना सांग, शेजारच्या काकूंना सांग असं करायचं नाही. हे का, तर अशा मुलामुलींना तोच प्रश्न पुन्हा विचारला की वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं, मग ती समोरच्याला खूष करायला उत्तर बदलतात. चार जणांना सांगून झाल्यावर चार गोष्टी तयार होतात आणि पुढे आरोपीचा वकील त्या चारही समोर ठेवतो.

आणि "त्याने हात लावला ना? ओढणी ओढली ना?" असे शेवटी "ना" लावलेले प्रश्न तर नकोच. त्यांना उत्तर हमखास "हो" येतं, आपण काहीही विचारलं तरी.

सोबत कोण बसणार हे लगेच ठरवा

इथे लोकांचा हमखास गोंधळ होतो. सुमनने पहिल्यांदा सांगितलं आईला, म्हणजे आई स्वतःच साक्षीदार झाली. साक्षीदारांना एकमेकांची साक्ष ऐकू देत नाहीत, त्यामुळे कोर्टात सुमनची साक्ष चालू असताना आईला बाहेर बसावं लागण्याची शक्यता खूप. आई सोबत असेल या भरवशावर राहिलात तर ऐन वेळी पोरगी एकटी पडते. म्हणून तिला आवडणारी, ओळखीची पण या घटनेबद्दल काहीच न ऐकलेली एक व्यक्ती आधीच ठरवा, आत्या, कार्यशाळेतली एखादी ताई, कोणीही. तिने घटनेवर एक शब्द बोलायचा नाही, पाणी द्यायचं, शेजारी बसायचं, दमली असं वाटलं तर सांगायचं.

स्पेशल एज्युकेटर हा वेगळा माणूस. त्याचं काम प्रश्न सोपा करून सुमनपर्यंत पोचवणं आणि तिचं उत्तर, खाणाखुणा जशाच्या तशा सांगणं. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असलेला बघा, तो नंबर कागदावर लागतो. जवळच्या विशेष शाळेत चौकशी करा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडेही अशा लोकांची नावं असतात. सुमनची रोजची टीचर घेणं सोयीचं वाटतं पण शक्यतो टाळा, "टीचरनेच पढवलं" हा आरोप मग आयताच मिळतो.

पोलीस जबाब

पोलीस स्टेशनला पळत जायची गरज नाही. विनयभंग, बलात्कार अशा गुन्ह्यांत पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे पोलिसांनीच तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी यायचं असतं, स्पेशल एज्युकेटर किंवा दुभाषी समोर हवा आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग झालं पाहिजे. पीडित स्त्री असल्यामुळे नोंद महिला अधिकाऱ्याने घ्यायची असते. 112 ला फोन करताना हे चारही मुद्दे सांगा, ठाण्यात अर्ज देताना लिहूनच द्या, अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. एफआयआर घेतच नसतील तर एसपींना लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

बाकी गुन्ह्यात, समजा सुमनने शेजारची चोरी बघितली, तर हे सगळं तितकं पक्कं नाही, पण कलम 179 प्रमाणे दिव्यांग साक्षीदाराला ठाण्यात बोलवता येत नाही, तिची स्वतःची तयारी असेल तरच. पोलिसांनी घरी यायचं.

दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स द्या आणि सोबत एक पानभर माहिती द्या, सुमनशी कसं बोलायचं याची. माझ्या मते हे एक पान डॉक्टरच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाला येतं, सर्टिफिकेटवरून तिच्याशी बोलायचं कसं हे कोणाला कळत नाही. उदाहरणार्थ:

"छोटी वाक्यं कळतात. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मनात दहा मोजेपर्यंत थांबा. तारीख, वार, घड्याळ कळत नाही, पण 'डबा खाल्ल्यावर', 'व्हॅनमधून पिंकी उतरल्यावर' असं विचारलं की बरोबर सांगते. कितीही वेळा झालं तरी 'पाच' म्हणते. घाबरली की हसते. हे की ते असं विचारलं तर शेवटचा शब्द परत म्हणते."

ते हसण्याचं वाक्य विसरू नका. साक्ष देताना मुलगी हसली की बघणाऱ्याला वाटतं हिला काही झालेलंच नाही.

जबाबाच्या सुरुवातीला एज्युकेटरने घटनेशी संबंध नसलेला एक छोटा सराव घ्यावा. "माझ्या मांजराचं नाव काय?" असं विचारायचं, सुमनला माहीत असणं शक्यच नाही, तिने "मोती" ठोकून दिलं तर समजवायचं की "माहीत नाही" म्हटलं तरी चालतं, कोणी रागावत नाही. "कळलं नाही" आणि "आठवत नाही" पण असंच. घटनेची प्रॅक्टिस मात्र कधीच नाही, घरीसुद्धा नाही.

आता सगळ्यात मोठी गडबड कुठे होते ती. जबाब लिहिणारा पोलीस सवयीने लिहितो, "सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन करून माझा विनयभंग केला." सुमन असं या जन्मात बोलणार नाही. दोनेक वर्षांनी कोर्टात वकील विचारतो, "विनयभंग म्हणजे काय?" ती गप्प. "मग हे तू पोलिसांना सांगितलंस का?" "नाही." झालं. म्हणून जबाब वाचून दाखवतील तेव्हा एज्युकेटरने नम्रपणे पण ठाम सांगायचं, साहेब, तिचे शब्द अवतरणात लिहा, "इथे हात घातला", आणि कंसात खूण लिहा. घाई करू नका. एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती घ्या. पोलिसांनी तपासात घेतलेल्या साध्या जबाबावर सही करायची नसते, कोणी सही किंवा अंगठा मागितला तर तो कशासाठी ते विचारा.

मॅजिस्ट्रेटसमोर

मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबाला अजून सगळे जुन्या कायद्याप्रमाणे 164 चा जबाब म्हणतात, आता ते बीएनएसएसचं कलम 183. अशा गुन्ह्यात पोलिसांनी लवकरात लवकर इथे न्यायचं असतं आणि शक्यतो महिला मॅजिस्ट्रेट असतात. इथेही स्पेशल एज्युकेटर हवाच आणि ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. या दिवसाला महत्त्व द्या कारण दिव्यांग व्यक्तीचा इथला जबाब पुढे तिची सरतपासणी, म्हणजे सरकारी वकील विचारून घेतात ती मूळ साक्ष, म्हणून धरता येतो, सगळं परत पहिल्यापासून सांगायला लावायची गरज नाही, थेट उलटतपासणी होऊ शकते. सकाळची वेळ मागा, पोरगी दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून थकली की "हो हो" सुरू होतं.

कोर्टात

समन्स आलं की सरकारी वकिलांना भेटा आणि अर्ज करायला सांगा: असुरक्षित साक्षीदारांसाठीच्या वेगळ्या केंद्रात साक्ष, इन कॅमेरा म्हणजे बाकी लोकांना बाहेर ठेवून सुनावणी, आरोपी समोर दिसणार नाही अशी सोय, मधे मधे सुट्टी. ही केंद्रं देशभर आली त्यामागे महाराष्ट्रातलीच एक केस आहे, बंडू ऊर्फ दौलत. पीडित मुलगी मूकबधिर आणि बौद्धिक दिव्यांग होती, तिची साक्षच झाली नव्हती. 2017 मधे सुप्रीम कोर्टाने प्रत्येक हायकोर्टाच्या हद्दीत अशी किमान दोन केंद्रं करायला सांगितली आणि 2022 मधे स्मृती बडदे केसमधे असुरक्षित साक्षीदाराच्या व्याख्येत दिव्यांग व्यक्ती आल्या. तुमच्या कोर्टात केंद्र नसेल तर न्यायाधीशांच्या चेंबरमधे साक्ष घ्या अशी विनंती करा. आदल्या आठवड्यात सुमनला रिकामी खोली, खुर्ची, पंखा दाखवून आणा.

सर्टिफिकेटवर "मानसिक वय 7" असेल तर हा पॉक्सोचा, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचा, खटला होईल असं काही जण सांगतात, तो गैरसमज आहे. 2017 च्या ईरा निकालानुसार पॉक्सोला जन्मतारखेचंच वय लागतं. त्यामुळे वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच यावेत हा पॉक्सोतला नियम सुमनला आपोआप मिळत नाही, मागावा लागतो.

मोफत वकील मात्र हक्काने मिळतो, दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 ला फोन करा. हा वकील सरकारी वकिलांना मदत करेल.

सुरुवातीला न्यायाधीश नाव, कुठे राहते, काय करते असे साधे प्रश्न विचारून अंदाज घेतात. मग उलटतपासणी, आणि तिथे एक प्रश्न येतोच येतो, "तुला आईने शिकवलं ना?" सुमन म्हणते "हो", कारण आईने तिला खरंच खूप काही शिकवलंय. एज्युकेटरने इथे उत्तर सुधारायचं नाही, त्याला तो अधिकार नाही. त्याने फक्त न्यायाधीशांना सांगायचं की प्रश्न साक्षीदाराला कळलेला दिसत नाही, न्यायाधीश प्रश्न फोडून विचारायला लावू शकतात. तेही झालं नाही तर फेरतपासणीत सरकारी वकिलांनी विचारायचं, "आईने काय काय शिकवलं?" सुमन सांगते, "पोळ्या. वेणी." हा प्रश्न वकिलांच्या कागदावर आधीच लिहून द्या, गडबडीत राहून जातो.

साक्ष टाईप झाल्यावर ती वाचून दाखवतात. तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई असते. तरी एकेक ओळ सुमनला तिच्या भाषेत समजावून घ्या, आणि "हो, आईने शिकवले" एवढंच उतरलं असून "पोळ्या, वेणी" राहिलं असेल तर सही किंवा अंगठा करण्याआधीच सांगा, नंतर ते दुरुस्त करून घेणं फार अवघड जातं.