चार्जिंग केबल: या चुका टाळा (परिपाठातलं माझं भाषण)

सर, बाई आणि मित्रांनो, विज्ञान क्लबकडून आज मी फक्त केबलबद्दल बोलणारे. कारण चार्जर बिघडला की आपण नवा आणतो, पण केबल मात्र मान मोडली तरी चालवतोच. घरी विचारा, उत्तर ठरलेलं, "चलता मां अजून, कित्याक टाकूची?"

तर एक केबल क्लबकडे आली होती, तिच्यावरच बोलतो. तक्रार अशी की फोन चार्ज होतो पण केबल एका बाजूला वाकवून फोनखाली दाबून ठेवली तरच, नाहीतर चार्जिंग चालू-बंद चालू-बंद. मानेला, म्हणजे पिन जिथे वायरला जोडलेली असते तिथे, काळी टेप गुंडाळलेली. चार्जिंग सुरू केलं तर थोड्या वेळाने तो भाग एवढा गरम की बोट ठेववेना.

आधी दोष कोणाचा ते बघितलं. चार्जर तोच ठेवून दुसरी केबल लावली तर फोन नीट चार्ज झाला आणि काही तापलंही नाही, म्हणजे चार्जर ठीक, फोनचा सॉकेटही ठीक. मग जुनीच केबल दुसऱ्या चार्जरला लावली तर तोच त्रास. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन्ही एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही. नंतर केबल चार्जरमधून काढून टेप सोडवली तर आत बऱ्याचशा तांब्याच्या तारा तुटलेल्या, उरलेल्यांवर हिरवी पूड.

आता ती का तापते? दहावीवाल्यांना H = I²Rt पाठ असेलच. चांगल्या केबलमध्ये रोध कमी आणि तोही सगळ्या लांबीवर पसरलेला असतो. पण तुटक्या मानेत समजा अर्धा ओहम रोध एकाच जागी जमला आणि 2 अँपिअर करंट गेला, तर 2 × 2 × 0.5 म्हणजे 2 वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक मऊ होतं, तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होऊ शकतात. आणि ही केबल उशीखाली किंवा गोधडीत असेल तर उष्णता जायला वाटच नाही.

म्हणून पहिली चूक म्हणजे टेप. टेपने बाहेरून झाकलं जातं, आतल्या तारा काही जुळत नाहीत, उलट बिघाड दिसायचा बंद होतो. केबल वाकवल्यावरच चालत असेल, मान गरम होत असेल, पिन काळी पडली असेल किंवा जळका वास येत असेल, यातलं एक जरी असलं तरी ती केबल संपली.

दुसरी चूक आपल्या किनारपट्टीवाल्यांची खास. हवा खारी, पावसात भिंतीसुद्धा ओल्या, आणि आपण काय करतो तर फोन काढून घेतो पण बटण चालूच, केबल खिडकीजवळ लोंबकळत. ज्या केबलचं चार्जरकडचं टोक चौकोनी जुन्या पद्धतीचं असतं तिच्या फोनकडच्या पिनवर फोन नसतानाही 5 व्होल्ट असतात. ओल, मीठ आणि वीज एकत्र आली की पिनचा मुलामा झपाट्याने खराब होतो, मग रोध वाढतो आणि पुन्हा तेच तापणं. दोन्ही टोकं सी टाइप असतील तर चार्जर फोन जोडल्याशिवाय सहसा वीज सोडत नाही, पण बटण बंद करायला पैसे पडतात का?

फोनने सॉकेटमध्ये पाणी असल्याचा मेसेज दाखवला तर केबल लगेच काढा, तोंड खाली करून हळू झटका आणि हवेशीर ठेवा, पावसाळ्यात वेळ जास्त लागतो. तांदळात पुरू नका, त्याची पूड सॉकेटमध्ये बसते. काडी किंवा टाचणीने उकरू पण नका.

आता खराब केबल फेकायची कशी. आधी चार्जरमधून काढा, हो, हे सांगावं लागतं, मग मधोमध कापा म्हणजे कोणी उचलून परत वापरणार नाही. ओल्या-सुक्या कचऱ्यात नको, परड्यात पाचोळ्याबरोबर जाळायची तर अजिबात नाही. वरचं प्लास्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असतं, ते जळलं की हायड्रोजन क्लोराइडसारखा झोंबणारा वायू निघतो. तांब्यासाठी वायर जाळणारे लोक तोच धूर छातीत घेतात. केबल ई-कचऱ्यातच जायला हवी.

प्रयोगशाळेच्या दाराशी झाकणाचा कोरडा खोका ठेवलाय, कापलेल्या केबली त्यात टाका, भरला की सर ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतील. फुगलेली पॉवरबँक किंवा बॅटरी मात्र त्या खोक्यात टाकायची नाही, दाबायची नाही, दप्तरातून आणायची पण नाही. चार्जिंग बंद करून घरी मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि सरांना येऊन सांगा.