एसी सर्व्हिसिंगचे पहिले दहा ग्राहक : माझा अनुभव

मुलुंड पूर्वेला मी जानेवारीत एसी सर्व्हिसिंगचे काम सुरू केले, तेव्हा दोन महिन्यांत एकच फोन आला. वीसेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्यांमार्फत संदेश टाकले, दरही कमी केला, उपयोग शून्य. फार निराश झालो होतो.

मग एकच सोसायटी धरली. आधी सेक्रेटरींना भेटून आधारकार्डाची प्रत दिली, कारण त्यांच्या होकाराशिवाय वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या एसीतून पाणी गळत होते. ड्रेन पाइपमधला चिकट गाळ काढून मी तो त्यांना वर्तमानपत्रावर दाखवला, पूर्ण दर घेतला आणि आठ दिवसांनी न बोलावता जाऊन गळती थांबल्याची खात्री केली. विनंती त्या दुसऱ्या भेटीतच केली : "काकू, सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः दोन ओळी लिहाल का?" पहिल्याच दिवशी विचारले असते, तर त्यांना खात्रीने लिहिता आले नसते.

त्याच विंगमधून तीन फोन आले. प्रत्येकाकडे हाच क्रम पाळला आणि पाच आठवड्यांत दहा ग्राहक झाले. पावसाळ्यात मात्र ही मागणी ओसरते, म्हणून सुरुवात फेब्रुवारीतच करावी.