उंबऱ्यापाशी एक वीट

गाणं आषाढीला यायचं, म्हणून शूटिंग मे महिन्यात, नागपुरात, महाल भागातल्या एका जुन्या घरी. ध्रुपद असं आहे: ‘उभा दारी माझा देव, मला लागेना रे ठाव.’ भजनी ठेका, मिनिटाला ९६ मात्रा, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं. प्रत्येक ओळ दोनदा, त्यामुळे ध्रुपद २० सेकंद, चरणही २० सेकंद. सगळं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं. स्टोरीबोर्ड काढण्याआधी हा हिशोब कागदावर हवा, कारण ५ सेकंदांत प्रेक्षकाला एकच गोष्ट नीट दिसते.

ध्रुपद चार वेळा येतं, आणि चारही वेळा दार तेच. पहिल्यांदा ते बंद, आत कूलर चालू, खसाच्या ताट्या ओल्या. भर मे महिन्यात दुपारी नागपूरकर दार लावूनच बसतो, त्यामुळे बंद दाराचं वेगळं कारण सांगावं लागत नाही. म्हणूनच मला जुना काळ, समया आणि नऊवारी नको आहे. गाणाऱ्या ताई रोजच्या सुती साडीत, जमिनीवर बसून तांदूळ निवडतायत. दाराबाहेर उंबऱ्याशेजारी एक वीट, वाऱ्यानं कवाड आपटू नये म्हणून ठेवतात तशी. ती पहिल्याच दृश्यात दिसायला हवी, पण तिच्यावर कॅमेरा रेंगाळू नये.

पहिला चरण: ‘डोई भारा हाती विळा, घामेजला तो सावळा.’ इथे मोह होईल मुकुट, मोरपीस, निळा प्रकाश दाखवण्याचा. ते काहीच नाही. वैरणीचा भारा घेतलेला माणूस गल्लीतून येतो, चेहरा भाऱ्याच्या सावलीत. शब्द ‘सावळा’ म्हणतोच आहे, चित्रानं फक्त मानेवरचा घाम आणि खांद्याला चिकटलेलं पातं दाखवावं. कोरड्या उन्हात खरा घाम टिकत नाही, तेव्हा ग्लिसरीन आणि पाणी सारखं घेऊन फवारणीची बाटली भरून ठेवा. हे दृश्य सकाळी आठच्या आत. डोक्यावर ऊन आलं की डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा दिसतात.

दुसरा चरण, ‘पाणी मागे तो तान्हेला, माठ माझा झाकलेला’, पूर्ण घराच्या आतून घ्यायचा. माठावर स्टीलची ताटली, तिच्यावर पालथा पेला, आणि दाराखालच्या फटीतून फरशीवर आलेली दोन पायांची सावली. ती हवी तर दार पश्चिमेकडचं लागतं आणि ऊन साडेपाचनंतरचं, कलतं. घर ठरवण्याआधी होकायंत्र घेऊन जा आणि त्या वेळी तिथं स्वतः उभं राहून बघा. फट दोन बोटांपेक्षा कमी असेल तर सावली ओळखू येत नाही. या चरणात ताई गात नाहीत, नुसत्या ऐकतात. हात सुपात थांबतो, आणि पुन्हा चालू लागतो. पूर्ण गाण्यातलं अवघड काम तेवढंच आहे. त्यासाठी निदान दहा टेक धरून चाला.

शेवटच्या ध्रुपदात दार संथपणे उघडायचं, ओठ मात्र गाण्याशी जुळले पाहिजेत. त्यासाठी सेकंदाला ५० फ्रेम घ्यायच्या, गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, आणि एडिटिंगमध्ये २५ वर आणायचं. दुप्पट वेगाची फाइल आदल्या दिवशीच करा, सुरुवातीला आठ ठोके मोजून द्या, आणि ताईंना घरी दोन दिवस त्या वेगावर म्हणू द्या. ऐनवेळी दिलं की मान आणि पापण्या घाईत हलतात, आणि संथ केल्यावरही ती घाई दिसते.

त्याच्या आधीचा तिसरा चरण मुद्दाम शेवटी लिहितोय: ‘ओली पावले अंगणी, कोण गेला गे येऊनी.’ तापलेल्या फरशीवर ओलं पाऊल बघता बघता वाळतं, म्हणून हा भाग पहाटे, फरशी गार असताना घ्यायचा. पायाला लावायच्या पाण्यातही थोडं ग्लिसरीन. प्रत्येक टेकनंतर फरशी पुसून पूर्ण कोरडी करायला दोन माणसं आणि सुती फडकी हवीत. पावलं फक्त येणारी, बोटं दाराकडे. परत जाणारं एकही नाही, हे कॅमेरामनला आणि फरशी पुसणाऱ्यांनाही सांगून ठेवा.

पावलं विटेपाशी येतात. वीट भट्टीची, कोरडी, न वापरलेली घ्या, अशा चार आणा. कोरडी वीट पाणी शोषून काळपट होते आणि तिच्यावरचा ठसा फरशीपेक्षा बराच टिकतो, पण एकदा भिजलेली वीट त्या दिवशी पुन्हा कामाची नाही. ध्रुपद संपलं की पूर्ण एक आवर्तन फक्त टाळ राहू द्या. दार उघडं, ताई चौकटीत, हातात भरलेला पेला. खाली विटेवर जुळून उमटलेली दोन पावलं. कॅमेरा तिथून हलवू नका.