वर्ड स्वॅप: अर्धं वाक्य जुळलं म्हणून उत्तर टिकवू नका

बँक परीक्षेच्या इंग्रजी विभागात वर्ड स्वॅपच्या प्रश्नात एका वाक्यातले चार शब्द ठळक करून त्यांना A, B, C, D अशी नावं दिलेली असतात. कोणत्या दोघांची जागा बदलली की वाक्य अर्थपूर्ण होतं, ते ओळखायचं. यात सर्वाधिक गुण जातात ते अर्ध्या तपासणीमुळे.

हे वाक्य पाहा:

हायर बॉरोइंग (A) रेट्स मेक इंटरेस्ट (B) कॉस्टलिअर, सो कंपनीज (C) पोस्टपोन एक्स्पान्शन (D).

पर्याय: A-B, A-C, B-D, C-D, बदल नको.

व्याकरणात काहीही खटकत नाही. म्हणूनच घाईत ‘बदल नको’ निवडलं जातं, आणि ही पहिली चूक. या प्रश्नात बिघाड बहुधा अर्थात असतो, त्यामुळे प्रत्येक क्रियापदाला विचारा: कोण करतं, कशाला करतं? व्याज ‘महाग होतं’ असं आपण म्हणत नाही. महाग होतं ते कर्ज घेणं. म्हणजे B संशयित. ‘बॉरोइंग रेट्स’ मात्र कानाला बरं वाटतं, म्हणून A वर संशयच जात नाही.

आता दुसरी, महागात पडणारी चूक. B च्या जागी D घालून पाहिला, तर ‘हायर बॉरोइंग रेट्स मेक एक्स्पान्शन कॉस्टलिअर’ हे छान जुळतं. इथेच थांबून B-D वर क्लिक केलं की गुण गेला, कारण वाक्याचं शेपूट आता ‘कंपनीज पोस्टपोन इंटरेस्ट’ असं झालं आहे. विस्तार पुढे ढकलता येतो. इथे व्याज पुढे ढकलण्याला अर्थ नाही. अदलाबदलीत दोन जागा बदलतात, म्हणून दोन्ही जागा वाचायच्याच. A-B केल्यावर ‘हायर इंटरेस्ट रेट्स मेक बॉरोइंग कॉस्टलिअर’ होतं आणि उरलेलं वाक्य जसंच्या तसं टिकतं. उत्तर A-B.

मनातल्या मनात नवा शब्द घालून वाक्य दुरुस्त करू नका. हवा तो शब्द चौघांतलाच असतो आणि त्याचं रूपही बदलत नाही. याचा फायदा घ्या: ‘अॅन’च्या पुढे व्यंजनाच्या उच्चाराने सुरू होणारा ठळक शब्द दिसला, तर तो तिथला नाही हे जवळपास नक्की. ‘टू’नंतर क्रियापद हवं असताना नाम आलं असेल, तरीही तसंच. मात्र वरच्यासारखी चारही नामं असतील, तर शब्दाची जात मदत करत नाही. अर्थच पाहावा लागतो.

काही प्रश्नांत पर्यायातच ‘A-C आणि B-D’ अशा दोन जोड्या असतात. तिथे एका जोडीने वाक्य सुधारलं, तरी उरलेले दोन शब्द तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश गुण कापले जातात, त्यामुळे दोन पर्यायांत अडकलात तर दोन्ही वाक्यं शेवटपर्यंत वाचून मगच ठरवा.