लंबकाचे घड्याळ मागे पडते तेव्हा : नट फिरवताना या चुका टाळा

लंबकाचे घड्याळ रोज थोडे मागे पडू लागले की बहुतेकजण काटे पुढे सरकवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. काटे सरकवल्याने त्या क्षणीची वेळ जुळते, घड्याळाची चाल मात्र तशीच राहते. चाल ठरते ती लंबकाच्या दोलनकालावर, आणि दोलनकाल मुख्यतः लंबकाच्या लांबीवर. गोळ्याखालचा छोटा नट त्यासाठीच असतो. तो वर चढवला की गोळा वर सरकतो, लांबी कमी होते आणि घड्याळ पुढे धावू लागते. खाली उतरवला की उलट घडते. दिशा चुकली तर दोष दुप्पट होतो, म्हणून ‘मागे पडत असेल तर गोळा वर’ एवढे पक्के लक्षात ठेवावे.

पहिली मोठी चूक दोलनकाल मोजतानाच होते. सूत्र असे आहे :

T = 2π√(L/g)

यातील L म्हणजे लंबकाची लांबी, g म्हणजे गुरुत्वीय त्वरण आणि T म्हणजे दोलनकाल, म्हणजेच लंबक एका टोकाकडून निघून पुन्हा त्याच टोकाला येईपर्यंतचा काळ. तेवढ्या वेळात घड्याळ दोनदा टिक करते. एका मिनिटात 120 टिक मोजल्या, तर दोन टिकांमधील अंतर अर्धा सेकंद, पण दोलनकाल 1 सेकंद असतो आणि त्यावरून लांबी सुमारे 24.8 सें.मी. निघते. अर्धा सेकंद हाच दोलनकाल धरला, तर उत्तर जेमतेम 6.2 सें.मी. येते, कारण लांबी दोलनकालाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समोर वीतभर लंबक हलत असताना असे उत्तर आले, की मोजणी कुठे चुकली हे लगेच कळते. पट्टीने लांबी मोजायची झाल्यास ती टांगणीच्या बिंदूपासून साधारण गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी, त्याच्या खालच्या कडेपर्यंत नव्हे; माझ्या मते टिक मोजून काढलेली लांबीच अधिक भरवशाची.

दुसरी चूक नट किती फिरवायचा याबाबतची आहे, आणि दुरुस्ती आठवडाभर रेंगाळते ती बहुधा हिच्यामुळेच. समजा, वरचेच घड्याळ चोवीस तासांत 3 मिनिटे मागे पडते. दिवसाच्या 86,400 सेकंदांत 180 सेकंद म्हणजे 480 वा भाग. म्हणून लांबीही 480 व्या भागाने कमी करावी, असे सहज वाटते. पण सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे लांबीतील लहान बदलाचा निम्माच परिणाम दोलनकालावर होतो. तेव्हा लांबी 240 व्या भागाने कमी करायला हवी : 248 मि.मी. भागिले 240, म्हणजे 1 मि.मी.पेक्षा किंचित जास्त. आता नटाचे आटे पाहावेत. दहा फेऱ्यांत नट 5 मि.मी. चढत असेल, तर एका फेरीला अर्धा मि.मी., म्हणजे आपल्याला दोन फेऱ्या हव्यात. या घड्याळात एक फेरी दिवसाला सुमारे 87 सेकंदांचा फरक पाडते, हा आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.

दोन फेऱ्यांनंतरही घड्याळ दहा-बारा सेकंद मागे राहिले, तर गणित चुकले असे समजू नये. दोन फेऱ्यांत गोळा हव्या त्याहून थोडा कमी चढला आहे आणि दांडीचे स्वतःचे वजन तर जागचे हललेलेच नाही. उरलेल्या फरकासाठी नट एका फेरीच्या सातव्या भागाइतका फिरवला की पुरे. नट फिरवताना लंबक थांबवून गोळा हातात धरावा, नाहीतर वरची पातळ पोलादी पट्टी पिळली जाते.

तिसरी चूक घाईची. सकाळी नट फिरवून दुपारी निकाल पाहणाऱ्याला काट्यांवर सेकंद ओळखता येत नाहीत आणि तो विनाकारण दुसरी फेरी देतो. निदान चोवीस तास थांबावे. चावीच्या घड्याळात तर एका चावीपासून दुसऱ्या चावीपर्यंतचा एकूण फरक घ्यावा, कारण स्प्रिंग सैल होत जाते तसा झोका लहान होतो, आणि वरचे सूत्र फक्त लहान झोक्यांना लागू पडते. झोका मध्यापासून 5 अंशांवरून 4 अंशांवर आला, तरी दिवसाला सुमारे 15 सेकंदांचा फरक पडतो.

गोळा जड केला की घड्याळ हळू चालते, हाही एक जुना गैरसमज. वजन सूत्रात नाही. ते कुठे आहे, याला मात्र महत्त्व आहे. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर वरच्या भागात एक जुनी पेनी ठेवली, की ते घड्याळ दिवसाला 0.4 सेकंद पुढे जाते, कारण लंबकाचा गुरुत्वमध्य किंचित वर सरकतो.

टिक आणि टॉक यांमधील अंतर असमान ऐकू येत असेल, तर नटाला हातच लावू नये. घड्याळ भिंतीवर तिरपे बसलेले असण्याचा संभव असतो. ते दोन्ही आवाज समान अंतराने येईपर्यंत हलकेच सरकवावे. तसेच दांडी पोलादी असेल, तर तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढल्यास घड्याळ दिवसाला साधारण 5 सेकंद मागे पडते. उन्हाळ्यात एवढाच फरक दिसला, तर थंडीत तो आपोआप भरून निघतो.